चारच्या सुमाराचा अंधार

"बाहेर काय आहे?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"अंधारलंय," मी म्हणाले.

"कशानं?"

मी गोंधळले. आषाढातली दुपार होती, जेमतेम अडीच वाजले होते. परतवाड्याहून घाटातली बस धरून मी चिखलदऱ्याला नुकतीच उतरले होते, पायातल्या चपला चिखलानं जड झाल्या होत्या आणि नोकरीसाठीची माझी परीक्षा दारातच सुरू झाली होती.

"ढगांनी," मी म्हणाले.

"ढग वर असतात. हे तुमच्या नाकाशी आलंय. हात बाहेर काढा बरं खिडकीतून. ओला झाला ना? मग हे धुकं. ह्याला अंधारलं म्हणत नाहीत. धुकं उजेड खात नाही, तो सगळीकडे सांडून ठेवतो. म्हणून वस्तू पांढुरक्या दिसतात, काळ्या नाही. ह्याला धूसर म्हणा." त्यांनी माझ्याकडे बघण्यासाठी सबंध मान वळवली. मी दारातून आत आल्यापासून ते असंच करत होते, नुसते डोळे फिरवून बघत नव्हते. "डोळे चांगले आहेत ना तुमचे? चष्मा नाही?"

"नाही."

"मग राहा."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आज चौऱ्याऐंशीची आहे. ही गोष्ट मी माझ्या यजमानांना सांगितली नाही, मुलींना सांगितली नाही. आता सांगते, कारण विचारणारं कुणी उरलेलं नाही.

भय्यासाहेब बेदरकर अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांनी चिखलदऱ्याच्या टोकाला एक जुना दगडी बंगला घेतला होता. कॉफीची लागवड करणाऱ्या कुणा गोऱ्यानं तो शंभर वर्षांपूर्वी बांधलेला. जाड भिंती, पत्र्याचं उतरतं छप्पर, प्रत्येक खोलीत शेकोटी आणि खिडक्या मात्र लहान. वीज नव्हती. तिथे बसून ते एक कोश करत होते, साऱ्या भाषेचा नव्हे, फक्त उजेडाच्या आणि अंधाराच्या शब्दांचा. उजेडाची खोकी बांधून, नावं घालून फडताळावर गेली होती. अंधाराची दोन राहिली होती. त्यांना चिठ्ठ्या लिहायला, वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, कारण त्यांना काचबिंदू झाला होता.

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. "नळी रोज थोडी बारीक होते. बंद व्हायच्या आत माझा एक शब्द लागायला हवा."

"कुठला?"

"तो माहीत असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

घरात तिसरं माणूस म्हणजे फुलाबाई. ती तिथलीच, गावाखालच्या पाड्यावरची कोरकू बाई. स्वैपाक करायची, सरपण आणायची आणि संध्याकाळच्या आत घरी जायची. पहिल्याच दिवशी मला पोळी वाढताना ती म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमाले भेव वाटते काय?"

"कशाचं?"

"बाईसाहेबायचं. मालकाची बाई जी. थ्या पश्चिमेच्या खोलीत मेल्या ना, आठ वर्सं झाले. येतात थ्या अजून. मालक त्यायचीच वाट पाहून रायले. हे कागदं-बिगदं सारं भाईरले दाखवाचं."

"तुम्ही पाहिलंय?"

"म्या काहून पाहू? म्या थ्या खोलीत झाडू बी दारातूनच मारतो." ती हसली, पण पोळी माझ्या ताटात जरा जोरातच पडली.

मी ते मनावर घेतलं नाही. मला काम आवडलं होतं. सकाळी भय्यासाहेब सांगत आणि मी लिहून घेई. त्यांची रीत सोपी होती, पण मी ती कुठल्या पुस्तकात पाहिली नव्हती. शब्द हातात घेतला की ते विचारत, ह्या अंधारात दोष कुणाचा?

"दिव्याचा असेल तर?"

"मिणमिणता. मंद," मी म्हणे.

"बरोबर. वात वर केली की ते शब्द जातात. हवेचा?"

"धुरकट. धूसर. कुंद."

"कुंदमध्ये हवा हलत पण नाही, ते लिहा. मनुष्य गुदमरतो. आणि पाण्याचं गढूळ उजेडालाही चालतं, त्यात काहीतरी विरघळलेलं पाहिजे. हे सगळे खिडकी उघडली, वारा आला की जातात. पुढे. मध्ये काही आडवं आलं तर?"

"सावली."

"तिला कड असते आणि दिशा असते. दिवा हलवला की ती हलते. कड नसली तर?"

"मळभ?"

"मळभ. आभाळभर पातळ पडदा. त्यात कशाचीच सावली पडत नाही. अंगणात उभं राहून पायाशी बघायचं, सावली नाही, म्हणजे मळभ. पडदा दाट झाला की झाकोळ. आणि आडवं आलेलं दिसतच नाही, नुसतं जाणवतं, ते सावट. दुष्काळाचं सावट म्हणतो आपण, आंब्याचं सावट म्हणत नाही. आता डोळ्याचा दोष?"

"अंधूक. पुसट."

"आणि डोळ्यांपुढे येते ती अंधारी. हिचं नेमकं लक्षण लिहून ठेवा. मान वळवा. अंधार डोळ्याबरोबर वळला तर तो डोळ्यातला. जिथल्या तिथे राहिला, तर बाहेरचा." ते थांबले. "मी आता मान वळवली की सगळंच वळतं, सरोजबाई. म्हणून तुम्ही."

मनाच्या दोषाची चिठ्ठी वेगळी होती. उदास, भकास, मलूल. ह्यांना दिवा, खिडकी, चष्मा काहीच उपाय नाही. एकाच वेळी खोलीतल्या दोघांपैकी एकाला दिसतात, दुसऱ्याला नाही. आणि ज्यात काहीच दिसत नाही ते शेवटी, काळोखाच्या घरातले. मिट्ट म्हणजे डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच. किर्रला आवाज आहे, रातकिड्यांचा, म्हणून तो घरात होत नाही, रानात होतो. तिमिर नि तम ह्यांचा त्यांना राग होता. "हे पुस्तकात राहतात. कुणाच्या बायकोनं कधी म्हटलंय का, अहो, तिमिर झाला, दिवा लावा?"

मी हसले. ते हसले नाहीत.

दुपारचं काम वेगळं असे. साडेतीनला फुलाबाई कंदील पेटवून त्यांच्या टेबलावर ठेवी. लख्ख दिवस असला तरी. मग मी पश्चिमेच्या खोलीत जाऊन बसायचं. त्या खोलीला एकच खिडकी, खिडकीशी वेताची एक जुनी आरामखुर्ची आणि खिडकीच्या फळीवर रॉकेलची एक पेटती चिमणी. मी दाराजवळच्या स्टुलावर बसे. भय्यासाहेब शेजारच्या खोलीत, टेबलाशी, मधलं दार उघडं ठेवून. आणि दर थोड्या वेळानं त्यांची हाक येई:

"कुठला?"

मग मी सांगायचं. "धूसर." "मळभ, पायाशी सावली नाही." "स्वच्छ आहे, ऊन आलंय." शंका आली तर सगळं तपासायचं. चिमणीची वात वर करून बघायची, खिडकी उघडायची, हात आडवा धरून सावली बघायची, मान वळवायची. एका जुन्या चिठ्ठीला सुईनं बारीक भोक पाडून त्यांनी ती मला दिली होती. तिच्यातून बघून वस्तूची कड नीट दिसली तर दोष नजरेचा, चष्म्यानं जाणारा. साडेचारला हे सगळं संपे. ते म्हणत, "आज नाही," आणि कंदील विझवत.

"तुम्ही आत येऊन का बसत नाही?" मी एकदा विचारलं.

"मी इथेच असतो," ते म्हणाले. "मला इथेच असायला हवं."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हेका.

दोन-तीन आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले होते, दिवसातून चार वेळा. सकाळचे मी घाली. रात्री झोपण्यापूर्वीचे घाली. पण दुपारी दोनची वेळ आली की ते बाटली हातात घेत आणि परत ठेवून देत.

"घाला ना. डॉक्टरांनी सांगितलंय. आतला दाब वाढला तर दृष्टी जाते आणि गेलेली परत येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं."

"थेंबांनी बाहुली बारीक होते, बाई. टाचणीच्या डोक्याएवढी. मग दोन-तीन तास सगळंच अंधारतं. साडेतीनला मला उगीच अंधार नको."

"पण त्यानं डोळे लवकर जातील."

"जातील."

मला आतून राग आला. एका शब्दासाठी डोळे घालवणारा माणूस मी बघितला नव्हता. मी फुलाबाईला तसं म्हटलं, तर ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "शब्दासाठी नाई जी. तुमाले सांगतलं ना म्या."

श्रावणातला मंगळवार होता. सकाळभर पाऊस पडून थांबला होता आणि दुपारी आभाळ फाटून ऊन आलं होतं. दरी स्वच्छ, हिरवीगार. धुकं नाही. मी स्टुलावर बसले होते आणि मांडीवर माझ्या बहिणीला लिहायला घेतलेलं पत्र होतं. साडेतीनला मी "ऊन" म्हटलं. पावणेचारला "ऊन" म्हटलं. मग पत्रातली एक ओळ मला नीट दिसेना.

दोष शाईचा असेल. आधी मला तसं वाटलं. मग मी मान वर केली.

खिडकीत ऊन होतं. पलीकडच्या साळईच्या झाडाची पानं चमकत होती. पण खिडकी आणि मी ह्यांच्यामध्ये, खुर्चीपाशी, उजेड पोचत नव्हता. खुर्चीची पाठ आधी दिसत होती, तिची कड विरघळत गेली. मी हात आडवा धरला. खिडकीकडून येणाऱ्या उन्हात त्याची सावली माझ्या पायाशी पडली, काळी, स्पष्ट, बोटं मोजता येतील अशी. म्हणजे मळभ नव्हतं. मी मान डावीकडे वळवली. फडताळ दिसत होतं, त्यावरच्या शाईच्या दौतीचं बूचसुद्धा. उजवीकडे, भिंतीवरचा खिळा. मान परत आणली. अंधार तिथेच होता, खुर्चीशी. डोळ्याबरोबर वळला नव्हता.

मी उठले. भिंतीच्या कडेकडेनं खिडकीपर्यंत गेले आणि चिमणीची वात वर केली. ज्योत मोठी झाली, पिवळी, चांगली बोटभर. फळीवर उजेड पडला. खुर्चीवर पडला नाही. तिच्यापासून हातभर अलीकडेच तो थांबला. खिडकी उघडीच होती, वारा येत होता, माझा पदर हलत होता. हवेत काही नव्हतं.

मग वेत करकरला. कुणीतरी बसल्या जागी सरकावं तसा.

मी परत भिंतीला टेकत दाराशी आले. आता त्या अंधाराला आकार होता. मी तो नीट सांगू शकत नाही. बसलेल्या बाईचा, एवढंच. चेहरा नव्हता. पण मान होती आणि ती दाराकडे वळलेली होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या मागच्या दाराकडे. कुणीतरी येईल म्हणून बसलेल्या माणसाची मान जशी वळते, थोडी पुढे झुकलेली, तशी.

"कुठला?" शेजारून हाक आली.

मी दाराची चौकट धरली.

"सरोजबाई? कुठला?"

त्यांच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. ते अर्धवट उठले असावेत. मला एवढंच कळत होतं की मी खरं बोलले तर ते आत येतील, आणि जे आहे ते आहे हे दोघांनी मान्य केलं की मग ते जाणार नाही. मला ते जायला हवं होतं. मला नेहमीचा, रोज आभाळात दिसणारा कुठलाही शब्द हवा होता. तो माझ्या तोंडात आलाच.

"मळभ आहे, भय्यासाहेब," मी म्हणाले. "आत्ता जाईल."

पलीकडे खुर्चीचे पाय परत घासले. मग ते खाली बसल्याचा आवाज.

खुर्चीतली मान हलली. फार सावकाश. दाराकडून वळून ती खिडकीकडे गेली, आणि तशीच राहिली. मग खुर्चीची पाठ दिसू लागली, मग हात, मग वेताची वीण. चिमणीचा पिवळा उजेड खुर्चीवर येऊन पडला. मी फुंकर घालून ती विझवली आणि माझं पत्र उचललं. त्यावरची शाई माझ्या घामानं पसरली होती.

"आज नाही," भय्यासाहेब साडेचारला म्हणाले.

मी फुलाबाईच्या पाठोपाठ स्वैपाकघरात गेले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. "पायलं ना?"

"मी उद्याच्या बसनं जाते."

"जा जी. पण मालकाले सांगून जा."

मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. सांगायचंच होतं. ते टेबलाशी बसले होते, समोर एक कोरी चिठ्ठी. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

"तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा रोज काय विचारतो. आज सांगतो. मळभ म्हणालात ना मघाशी, तेव्हा बरं वाटलं नाही मला." त्यांनी चहाची बशी हातानं चाचपून जवळ घेतली. "आठ वर्षांपूर्वी, श्रावणच होता. मी ह्याच टेबलाशी होतो. द्वारका त्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होती. चारच्या सुमाराला तिनं हाक मारली, 'अहो, अंधारून आलंय. दिवा आणता का जरा?' मी खिडकीतून बघितलं. आभाळात पातळ पडदा होता, बस. मी तेव्हा मळभाचीच चिठ्ठी लिहीत होतो. मी म्हणालो, 'अंधारून नव्हे गं, मळभ आहे. आत्ता जाईल.'"

माझ्या हातातली किटली टेबलावर टेकली.

"ती म्हणाली, 'बरं.' थोड्या वेळानं म्हणाली, 'दिवा आणा ना.' मी म्हणालो, 'हो, एवढी ओळ.' मला ओळ पुरी करायची होती. मी गेलो तेव्हा तिचं ताट मांडीवर सरळ होतं, तांदूळही सांडले नव्हते. मान तेवढी खिडकीकडे वळली होती." ते थांबले. "अंधार आभाळात नव्हताच, सरोजबाई. तिच्यात होता. ती आभाळाचा शब्द बोलली, आणि मी आभाळात बघितलं. आयुष्यभर हेच केलं मी, दोष कुणाचा ते शोधायचं. आणि घरातल्या माणसाचा मला सापडला नाही."

मी किटली हळूच बाजूला सरकवली.

"ती येते. दोनदा आलीय, मी इथे असताना. मी खोलीत बसलो तर येत नाही. त्या दिवशी मी इथेच होतो ना. दोन्ही वेळा मला उशीर झाला. आधी मला वाटलं ढग आहे, मग वाटलं माझे डोळे. कंदील घेऊन पोचेपर्यंत खुर्ची रिकामी. आता तर डोळ्यांचंच काही कळत नाही. म्हणून तुम्ही. तुम्ही 'आहे' म्हटलंत की मी उठेन, दहा पावलं आहेत, मोजून ठेवलीत मी. दिवा तिच्या हाताशी ठेवायचा. एवढंच."

त्या वेळी सांगायला हवं होतं. मला आजही कळत नाही की मी का सांगितलं नाही. भीती वाटली म्हणून, लाज वाटली म्हणून. ती मान खिडकीकडे कशी वळली ते मी बघितलं होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघाल्यावरच वळली होती. तिला ते ओळखीचं होतं. दुसऱ्या दिवशीची बस गेली आणि मी गेले नाही.

त्यानंतर मी त्या खोलीत इतकी नेटानं बसले की डोळ्यांत पाणी यायचं. आता मला ती यायला हवी होती. श्रावण संपला. भाद्रपदात आठ-आठ दिवस धुकं हललं नाही, मी रोज धूसर म्हणत होते, कुंद म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी सगळं तपासून. दोनचे थेंब घालायला मी हातापाया पडले. "आता एवढं थांबलो," ते म्हणत. गणपतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "दिवे लावलेत का आरतीला?" निरांजन त्यांच्यापुढे हातभर अंतरावर तेवत होतं.

"लावलेत," मी म्हणाले. त्यांनी मान वळवली, ह्या बाजूला, त्या बाजूला. मग हात जोडले.

नळी बंद झाली होती.

तरी साडेतीनला कंदील पेटायचा. ते तो आता टेबलावर नव्हे, हातातच धरून बसायचे. आश्विन लागला, पाऊस गेला, आभाळ धुतल्यासारखं झालं. त्या खोलीत आता मळभसुद्धा येत नव्हतं. "कुठला?" ते विचारायचे. "ऊन," मी म्हणायची. त्यांचा चेहरा दर वेळी थोडा खाली जायचा. फुलाबाई म्हणाली, "बाई, पुढच्या श्रावणापर्यंत काई नाई. अन मालक पुढचा श्रावण पाहात नाई."

मी ठरवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, चारला थोडं कमी असताना, त्यांनी विचारलं, "कुठला?"

खोलीत उजेड होता. खुर्ची दिसत होती, वेताचा एक तुटलेला दोरासुद्धा. मी म्हणाले, "भय्यासाहेब, आहे."

त्यांचा श्वास मला ऐकू आला.

"आभाळ?"

"स्वच्छ. माझ्या हाताची सावली पायाशी पडतेय."

"मान वळवलीत?"

"वळवली. फडताळ दिसतंय, भिंतीवरचा खिळा दिसतोय. खुर्चीशीच आहे. वात वर केली, उजेड तिथपर्यंत जात नाही. खिडकी उघडी आहे, वारा आहे." एकही शब्द मला शोधावा लागला नाही. सगळं खरं होतं, फक्त त्या मंगळवारचं.

"वेत वाजला?"

"वाजला. आणि मान दाराकडे आहे. तुमच्याकडे. या, भय्यासाहेब."

ते उठले. उंबऱ्याशी न अडखळता आत आले, मनात पावलं मोजत. कंदील पुढे धरलेला. धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. मी बाजूला झाले. पांढऱ्याशुभ्र उजेडात कंदिलाची ज्योत असून नसल्यासारखी होती. दहाव्या पावलाला ते थांबले, वाकले, खुर्चीचा हात चाचपला आणि त्याच्याजवळ, फरशीवर, कंदील ठेवला.

"हा घे," ते म्हणाले. "उशीर झाला गं."

त्यांचा हात कंदिलावरच होता. तो त्यांनी वर सरकवला आणि काचेला लावला. मी ओरडले, "अहो, भाजेल!" त्यांनी झटक्यानं हात मागे घेतला आणि बोटं तोंडाजवळ नेली.

ते तसेच उकिडवे बसले आणि बोटं एकमेकांवर घासली.

"काच तापलीय," ते म्हणाले. "ती असली की काच गार पडते. दोन्ही वेळा हातात बर्फासारखा झाला होता कंदील. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं."

माझ्या तोंडून हुंदका आला.

"रडू नका. चांगल्या मनानं केलंत. पण इतकं नेमकं तुम्ही कुठून आणलंत, सरोजबाई? उजेड अलीकडे थांबणं, मान दाराकडे असणं? मी तर हे कधी बोललो नव्हतो." त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "आली होती ती?"

"एकदाच."

"कधी?"

"त्या मंगळवारी. श्रावणातल्या."

ते आठवत राहिले. त्यांना आठवलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. आणि मग, आयुष्यभर शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाच्या आवाजात, न रागावता, त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठला म्हणालात त्या दिवशी?"

"मळभ."

"आत्ता जाईल, असंही म्हणालात."

"हो."

"आणि तिनं काय केलं?"

मी खोटं बोलले असते, पण त्यांनी आता ओळखलं असतं.

"मान वळवली," मी म्हणाले. "खिडकीकडे."

त्यांनी हळूच मान हलवली. फरशीवरून उठताना त्यांनी खुर्चीचा आधार घेतला नाही, भिंतीचा घेतला. दाराशी पोचल्यावर, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तो कंदील विझवा. आता कुणाला लागतोय?"

मी काच वर उचलली आणि फुंकर घातली. खोलीत इतकं ऊन होतं की तो विझल्यानं काहीच फरक पडला नाही.